पाने आधी कापावीत

«बाजारातून आणलेली गाजरे आणि मुळे फ्रिजमध्ये दोन दिवसांत मऊ पडतात. काय करावे?»

आपल्याकडे आठवडी बाजारात मुळा, बीट बहुधा पाल्यासकटच मिळतात आणि तो पाला कंदातील पाणी ओढून हवेत सोडत राहतो. म्हणून घरी येताच तो कापावा, मात्र बिटाचे देठ बोटभर ठेवावेत, नाहीतर शिजताना रंग पाण्यात उतरतो. मुळ्याचा पाला ताजा असतानाच भाजीला वापरावा. कंद न धुता ओलसर सुती फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून खालच्या कप्प्यात ठेवावेत.

मऊ पडलेल्या गाजराचे टोक कापून ते थंड पाण्यात बुडवून काही तास फ्रिजमध्ये ठेवल्यास पेशी पुन्हा पाणी शोषतात आणि ते कडक होते. अख्ख्या बिटाला अधिक वेळ लागतो. बुळबुळीत किंवा वास येणारा कंद मात्र टाकूनच द्यावा.