मदत हवी आहे: दोन वस्तूंचा ब्रेक-इव्हन पुस्तकात ७ लाख, माझा ७.८५ लाख

कॉस्टिंगग्रस्त
टीवायबीकॉमचं गणित आहे. एक्सची किंमत १०० रुपये, व्हेरिएबल कॉस्ट ६०. वायची किंमत ५०, व्हेरिएबल ४०. फिक्स्ड कॉस्ट २,२०,०००. दोन एक्समागे तीन वाय विकले जातात.

एक्सचा पी/व्ही रेशो ४०%, वायचा २०%. प्रमाण ४०:६०, म्हणून ०.४×४० + ०.६×२० = २८%. यावरून ब्रेक-इव्हन विक्री ७,८५,७१४ रुपये. पुस्तकात ७,००,०००. पुढच्या भागात प्रमाण १:४ होतं, तिथे माझं ९,१६,६६७ आणि पुस्तकाचं ८,२५,०००. दोन्हीकडे छपाईची चूक असेल असं वाटत नाही. कुठे घोळ होतोय?

पेनसिल
पी/व्ही रेशो सोडून दे. एकापेक्षा जास्त वस्तू असल्या की तो वापरायचाच नसतो, नगावरचं कॉन्ट्रिब्युशन घ्यायचं. आमच्या क्लासमध्ये तसंच सांगितलंय.

नानाकाका
पेनसिल, नगावरचं घेतलं तर उत्तर येतं हे खरं, पण रेशो वापरायचाच नाही हे खरं नाही. रेशो रुपयांवर असतो, म्हणून त्याला वजनही रुपयांतल्या विक्रीचं लावावं लागतं. २:३ हे नगांचं प्रमाण आहे. दोन एक्सचे २०० रुपये, तीन वायचे १५०, म्हणजे रुपयांत ४:३. एक्सचं वजन ४/७ आणि वायचं ३/७ घेऊन बघ, रेशो ३१.४३% येतो आणि विक्री बरोबर ७ लाख.

मी स्वतः दोन एक्स आणि तीन वायचा एकच जुडगा धरतो. त्याचं कॉन्ट्रिब्युशन ८० + ३० = ११०. २,२०,००० भागिले ११० म्हणजे २,००० जुडगे, म्हणजेच ४,००० एक्स आणि ६,००० वाय. १:४ साठी जुडगा ३०० रुपयांचा, कॉन्ट्रिब्युशन ८०, जुडगे २,७५०. विक्री ८,२५,०००.

तुझ्या आकड्यात वाय महाग वस्तू असल्यासारखं ६०% वजन खाऊन बसला होता. रुपयांत त्याचा वाटा ४३ टक्केच आहे. दोन्ही वस्तूंची किंमत सारखी असती तर हा घोळ लक्षातही आला नसता.

फराळवाली
मी विद्यार्थिनी नाही, घरगुती फराळ विकते. चकलीत मार्जिन बरं आहे, शेवेत फारच कमी, आणि शेवच जास्त खपते. म्हणजे शेव बंद केली तर माझा ब्रेक-इव्हन लवकर येईल ना?

नानाकाका
ताई, वरच्याच गणितात वाय बंद केला तर भाडं, पगार तेवढेच राहतात आणि ते भरून काढायला एकट्या एक्सचे ५,५०० नग विकावे लागतात. आता ४,००० पुरतात. शेवेच्या किलोमागे थोडं का होईना काही सुटत असेल, तर तेवढा भार ती उचलतेच. शेव न मिळाल्यावर गिऱ्हाईक चकली घेतं की दुसऱ्या दुकानात जातं, हे तुम्हालाच माहीत. आणि कढई एकच असेल तर किलोमागे किती सुटतं याऐवजी कढईच्या तासामागे किती सुटतं ते बघा. तिथे शेव पुढेही निघेल.

कॉस्टिंगग्रस्त
नानाकाका, कळलं. तिसरा भाग मात्र खटकतोय. आधी ६,००० एक्स आणि ९,००० वाय, विक्री १०,५०,०००, नफा १,१०,०००. नंतर ३,६०० एक्स आणि १४,४०० वाय, विक्री १०,८०,०००, नफा फक्त ६८,०००. किंमत तीच, खर्च तोच, विक्री ३० हजारांनी जास्त, तरी नफा ४२ हजारांनी कमी?

नानाकाका
हो. एक्सचे २,४०० नग गेले, त्यांचे ९६,००० गेले. वायचे ५,४०० वाढले, त्यांनी ५४,००० आणले. नुसत्या विक्रीवर कमिशन मिळणारा सेल्समन या महिन्यात पेढे वाटेल.

मधुकर_पुणे
एक शंका. प्रमाण दर महिन्याला हलत असेल तर ब्रेक-इव्हनचा एकच आकडा सांगण्यात अर्थ काय? ४० गुणिले एक्स अधिक १० गुणिले वाय बरोबर २,२०,००० होईल अशी कुठलीही जोडी चालेल. ५,५०० एक्स आणि शून्य वायपासून शून्य एक्स आणि २२,००० वायपर्यंत सगळी रेषाच आहे.

नानाकाका
बरोबर. पेपरात प्रमाण दिलेलं असतं, म्हणून त्या रेषेवरचा एक बिंदू मिळतो. धंद्यात मी मागच्या वर्षातलं सर्वांत वाईट आणि सर्वांत चांगलं मिक्स घेऊन दोन आकडे काढतो.

पेनसिल
मग वायसाठीच वेगळं मशीन भाड्यानं घेतलं असेल तर ते भाडं कुठे धरायचं? जुडग्यात की बाहेर?

मधुकर_पुणे
मी तरी आधी वायच्याच कॉन्ट्रिब्युशनमधून वजा करीन.

नानाकाका
एकूण ब्रेक-इव्हनसाठी ते २,२०,००० मध्येच मिळवा, तिथे दुसरा मार्ग नाही. वाय ठेवायचा की नाही हे ठरवताना मधुकररावांसारखं करा. पण पेपरात 'वायचा स्वतंत्र ब्रेक-इव्हन काढा' असं आलं तर सामाईक खर्चाचा वाटा त्याच्यावर टाकायचा की नाही, यावर तपासनीसांचं एकमत मी अजून पाहिलेलं नाही.

फराळवाली
कढईच्या तासाचा हिशोब मांडायला घेते. पण आचेमुळे शेवेला लागणारं तेल रोज वेगळं येतं, ते कसं धरू?