आठवड्यातून तीनदा डायलिसिस : ऑफिसात ठरावीक वेळापत्रक कसं मागावं?

ताळेबंद
मदत हवी आहे. वय ४१, पुण्यात एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे. नुकतंच डायलिसिस सुरू झालंय. मंगळ-गुरु-शनि, सकाळची पाळी, सातला मशीनवर घेतात, चार तास. आई किडनी देणार आहे, पण तिच्या तपासण्या आणि परवानग्या धरून सहा-आठ महिने तरी असंच चालेल असं डॉक्टर म्हणतात.

आत्तापर्यंत रजा टाकत आलो, त्या संपत आल्या. ऑफिस साडेनऊ ते साडेसहा, दुसरा-चौथा शनिवार सुट्टी. साहेब तसे चांगले आहेत, पण “तू नक्की कधी असतोस तेच कळत नाही” असं बोलून झालंय. म्हणून सरळ लिहून द्यायचं ठरवलंय. मसुदा असा : “वैद्यकीय उपचारांमुळे मंगळवारी व गुरुवारी उशीर होईल, कृपया सहकार्य करावे.” एवढं पुरेल का? पगारकपातीचा विषय आपण काढावा की त्यांना काढू द्यावा?

खडकीकर
एवढं घाबरून विनंती कशाला करताय? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात किडनीही येते. कार्ड काढा आणि हक्काने मागा. कंपनीला द्यावंच लागतं.

पाच नंबर मशीन
खडकीकर, २१ प्रकार बरोबर, पण किडनी त्यात नाही. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत. त्या जोरावर पत्र लिहिलं आणि एचआरने यादी उघडली तर पुढचं बोलणंच अवघड होईल.

ताळेबंद, मी स्वतः डायलिसिसवर राहून नोकरी करतो. मसुद्यातला “उशीर होईल” हाच शब्द नडणार. किती वाजता टेबलावर असाल ते लिहा. मशीनचे चार तास म्हणजे चार तास नव्हेत. सुया काढल्यावर दाबून बसणं, बीपी, वजन, मग रिक्षा. खरं सांगा, ऑफिसात किती वाजता पोचता?

ताळेबंद
साडेअकराला बाहेर पडतो, साडेबाराला ऑफिसात. पण गुरुवारी जमतं तसं मंगळवारी जमत नाही. दोन-अडीचपर्यंत एक्सेलमधल्या ओळी नुसत्या बघत बसतो. परवा बेरीज जुळेना म्हणून तासभर शोधलं, तर एकच व्हाउचर दोनदा धरलेलं.

पाच नंबर मशीन
मंगळवारचं कारण आहे. शनिवारनंतर थेट मंगळवार, मध्ये दोन दिवस कोरडे. साठलेलं पाणी जास्त, ते त्याच चार तासांत काढायचं, म्हणून दमणूक जास्त. बीपीही त्याच दिवशी जास्त पडतो. तेव्हा मंगळ आणि गुरु सारखे धरू नका.

शिवाय सेंटरला संध्याकाळच्या पाळीची चौकशी करा. नोकरी करणाऱ्यांना ती बरी पडते, कारण नंतरची गळाठलेली वेळ घरी झोपण्यात जाते. समजा पाच ते नऊ मिळाली. सव्वाचारला ऑफिस सोडलंत तर दिवसाचे सव्वादोन तास बुडतात, मंगळ-गुरु मिळून साडेचार. सोम-बुध-शुक्र एक तास लवकर आलात की तीन भरून निघतात. उरला दीड तास. शनिवारी ऑफिस असेल त्या आठवड्यात आणखी सव्वादोन. आता सकाळची पाळी बघा : दिवसाला तीन, दोन दिवसांचे सहा, भरून निघतात तीनच, आणि मंगळवारची दुपार गेली ती वेगळीच.

अनुजा_ठाणे
माझं लिगामेंटचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवड्यातून तीन दिवस फिजिओ होती. मी सकाळी आठची वेळ घेतली आणि दहाला ऑफिसात. दीड महिन्यानंतर दोन दिवस, मग एक. तुम्हीही पत्रात असं कमी-कमी होत जाणारं लिहा ना, साहेब पटकन मान्य करतात.

ताळेबंद
अनुजाताई, तेच तर होत नाही इथे. तीनाचे दोन होणार नाहीत. थेट ऑपरेशनच्या दिवशी थांबेल.

निवृत्त_एचआर
तीस वर्षं अशी पत्रं वाचली आहेत, म्हणून दोन शब्द.

शेवटची तारीख देता येत नसेल तर फेरविचाराची तारीख द्या. “सहा-आठ महिने” वाचलं की वरचा माणूस कायमचं धरतो. “सध्या तीन महिने, त्यानंतर एकत्र बसून बघू” यावर सही लवकर होते. पगाराचा विषय आपणच काढा. भरून निघणारे तास, रजेतून वळते करायचे तास आणि रजा संपली की बिनपगारी, असा क्रम लिहा. तुम्ही लिहिला नाहीत तर एचआर दर मंगळवारी अर्धी रजा लावून मोकळं होईल.

आणि तुमचं काम तारखांचं. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी. कधीतरी २० तारीख मंगळवारी येणारच. साहेबांच्या मनात हीच धास्ती असते, बोलत नाहीत एवढंच. ती पत्रातच मिटवा. असं काहीतरी :

“माझे डायलिसिस दर मंगळवार, गुरुवार व शनिवारी सायंकाळी ५ ते ९ असते. त्या दिवशी मी ४.१५ ला निघेन. सोमवार, बुधवार व शुक्रवारी ८.३० ला येईन. उरलेले तास महिनाअखेरीस माझ्या रजेतून वळते करावेत, रजा संपल्यावर बिनपगारी धरावेत. विवरणपत्राची मुदत यांपैकी एखाद्या दिवशी आल्यास ते आदल्या दिवशी दुपारपर्यंत सहीसाठी तयार ठेवीन. केंद्रातील वेळ मला बदलून घेता येत नाही. केंद्राने बदलल्यास कळताच कळवीन. ही व्यवस्था तीन महिन्यांसाठी असून त्यानंतर फेरविचार व्हावा.”

डॉक्टरांच्या दाखल्यात वार, वेळ आणि “बैठे काम करण्यास हरकत नाही” एवढं असू द्या. रिपोर्टांची फाईल जोडू नका, ती नको तिथे फिरते.

खडकीकर
बरं, यादीचं मान्य. पण ईएसआय तरी बघा. लांबच्या आजारांच्या त्यांच्या यादीत किडनी निकामी होणं आहे.

निवृत्त_एचआर
ते बरोबर. पण पगार २१ हजारांच्या आत असेल तर.

ताळेबंद
माझा वर आहे, त्यामुळे ईएसआय नाही.

सेंटरला विचारून आलो. संध्याकाळच्या पाळीत सध्या जागा नाही, कोणी सोडलं की कळवतील. तोवर सकाळच्या वेळेचं पत्र द्यावं की थांबावं?

पाच नंबर मशीन
थांबू नका, सकाळचंच द्या, फक्त मंगळवारी पूर्ण अर्धा दिवस मागा आणि गुरुवारी साडेबारा लिहा. मंगळवारी दोनला येऊन सरळ चार तास काम झालेलं बरं, व्हाउचर दोनदा धरण्यापेक्षा. पाळी बदलली की सुधारित पत्र द्यायचं.

एक ओळ आणखी घाला. वेळापत्रकाबाहेरचं काहीतरी येणारच. फिस्तुला बंद पडला, मशीनवर थंडी-ताप भरला, किंवा नेफ्रॉलॉजिस्टने भलत्याच वारी बोलावलं. त्यासाठी महिन्याला एखादी रजा वेगळी राखून ठेवा. ठरलेल्या तासांत ती मिसळली की वेळापत्रक पाळलं जात नाही असं दिसतं. सणाच्या आठवड्यात सेंटर दिवस पुढे-मागे करतं, ते आधी विचारून ठेवा.

ताळेबंद
सोमवारी पत्र दिलं. मंगळ-गुरु साहेबांनी तिथल्या तिथे मान्य केले. शनिवारचं अडलंय. एचआर म्हणतं पहिला-तिसरा शनिवार सगळ्यांना सक्तीचा, एकाला सूट दिली की रांग लागेल. सेंटरला सोम-बुध-शुक्र मागितलं तर शनिवार सुटतो, पण मग तीन कामाचे दिवस जातात. मार्चअखेरीला काय करायचं तेही एचआरने विचारलंय.

निवृत्त_एचआर
वार बदलू नका, महिन्यातल्या दोन शनिवारांसाठी दर आठवड्याला जास्तीचा एक दिवस कशाला द्यायचा? त्या दोन शनिवारांना अर्धी रजा भरून टाका आणि तसं लेखी कळवा. मार्चचं मात्र तोंडी काही कबूल करू नका. तिसऱ्या महिन्यानंतरच्या बैठकीत तो विषय घ्या.

अनुजा_ठाणे
मार्चमध्ये घरून काम मागता येईल का? मशीनवर असताना लॅपटॉप चालतो का हो कोणाचा?

पाच नंबर मशीन
सुया टोचलेला हात हलवायचा नाही, एका हाताने मेल वाचून होतात. विवरणपत्र भरायला मी तरी बसणार नाही.