एकाच गल्लीत दोन पाणी कंपन्या, चालेल का?

स्वच्छंद
पाणीपुरवठा सरकारकडेच का असतो? मोबाईलच्या कशा तीन-चार कंपन्या असतात, तशा पाण्याच्या आल्या तर ज्याचं पाणी चांगलं त्याचं कनेक्शन घ्यायचं, नाही आवडलं तर सोडायचं. 'नैसर्गिक मक्तेदारी', म्हणजे हा धंदा एकानेच केला तर स्वस्त पडतो, वगैरे मला तरी मक्तेदारी टिकवायचं निमित्त वाटतं. कुणी कुठे प्रत्यक्ष करून बघितलंय का?

रेखा_म
अहो पाणी ही सार्वजनिक वस्तू आहे, रस्त्यावरच्या दिव्यासारखी. ती सरकारनेच द्यायची असते. यात चर्चा कसली?

जुनी_वही
करून बघितलंय की, लंडनमध्ये. 1806 ते 1811 च्या दरम्यान तिथे नव्या पाणी कंपन्या निघाल्या आणि जुन्यांच्या गिऱ्हाइकांवर तुटून पडल्या. एकाच रस्त्यात दोन-दोन कंपन्यांचे पाइप, सारखी खोदाई, आणि भाव इतके पाडले की सगळ्यांचंच दिवाळं निघायची वेळ आली. मग 1817 च्या सुमारास त्यांनी काय केलं, तर शहराचे भाग वाटून घेतले, तू तिकडे मी इकडे, आणि दर चढवले. लोकांनी इतकी ओरड केली की 1821 मध्ये संसदेला चौकशी समिती बसवावी लागली. म्हणजे मक्तेदारी कुणा सरकारने लादली नव्हती, स्पर्धेतूनच आली, फक्त वर लगाम धरणारं कुणी नव्हतं.

आणि रेखाताई, दिव्याशी तुलना नाही पटत. दिव्याचा उजेड बिल न भरणाऱ्यालाही मिळतो, नळ मात्र तोडता येतो. त्यामुळे पाण्याची केस दिव्यापेक्षा वेगळी आहे, ती खाली येईलच.

चरखोद्या
पाइपलाइन टाकण्यात आयुष्य गेलंय म्हणून लिहितो. लोकांना वाटतं खर्च पाइपाचा असतो, पण निम्मं डोकं चर खणण्यात, रस्ता फोडण्यात आणि परत बुजवण्यात जातं. आता गंमत बघा, पाइपाचा व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच दाबाच्या उतारावर पाणी साधारण सहापट जातं आणि चर मात्र थोडाच रुंद करावा लागतो. मग शेजारी दुसऱ्या कंपनीने वेगळा चर खणून लहान पाइप टाकायचा म्हणजे तेवढंच पाणी दुप्पट महाग करून द्यायचं. मोबाईलला हा प्रॉब्लेम असा नाही, टॉवरला घराघरापर्यंत खणावं लागत नाही.

तिसरी_घंटा
आमच्या बिल्डिंगमध्ये दोन इंटरनेटवाल्यांच्या वायरी आहेत, दोघंही भंगार, एक बंद पडला की दुसराही पडतो. स्पर्धेने काही होत नाही हो.

चरखोद्या
@तिसरी_घंटा ते बहुतेक एकाच डक्टमधून जात असतील, खणलं की दोन्ही तुटणार. वेगळा विषय आहे.

स्वच्छंद
ठीक, खर्चाचा मुद्दा मान्य. पण महाग पडलं तरी गिऱ्हाइकाला चॉइस मिळाला ना? घाणेरडं पाणी देणारा आपोआप बुडेल.

जुनी_वही
हेच तर बघता येतं. दक्षिण लंडनमध्ये लॅम्बेथ आणि साउथवर्क-व्हॉक्सहॉल अशा दोन कंपन्यांचे पाइप त्याच रस्त्यांत, त्याच बोळांत होते, जुन्या स्पर्धेच्या काळातले. एका घराला ही, शेजारच्याला ती. 1852 मध्ये लॅम्बेथने पाणी उचलायची जागा थेम्स नदीवर वरच्या अंगाला, शहराच्या मैल्याच्या वर नेली. दुसरी तिथेच राहिली, गटारं मिसळलेलं पाणी उचलत. मग 1854 चा कॉलरा आला. जॉन स्नो नावाचा डॉक्टर घरोघर फिरला आणि पहिल्या सात आठवड्यांचा हिशोब असा निघाला की साउथवर्क-व्हॉक्सहॉलच्या दर 10,000 घरांमागे 315 मृत्यू, लॅम्बेथच्या तेवढ्याच घरांमागे 37. तीच वस्ती, तीच हवा, गरीब-श्रीमंत दोन्हीकडे.

आता तुमचा चॉइस. स्नोने विचारलं तर कित्येक भाडेकरूंना आपली कंपनी कुठली तेच माहीत नव्हतं, कारण पाणीपट्टी घरमालक भरायचा. शेवटी त्याने पाण्यातलं मीठ तपासलं. सिल्व्हर नायट्रेट टाकलं की खालच्या अंगाच्या पाण्यात दाट पांढरा साका, वरच्यात जेमतेम गढूळपणा, कारण मिठात जवळपास चाळीसपटीचा फरक. म्हणजे ज्याचा जीव जाणार त्याला माल ओळखायला केमिस्ट लागत होता! अशा बाजारात वाईट दुकान बुडतं कसं?

आणि एका घरातला कॉलरा तिथेच थांबत नाही, त्याचा मैला परत गटारातून नदीत. कंपनीच्या वहीत हा खर्च कुठेच येत नाही. रेखाताईंचा मुद्दा खरं तर इथे बसतो, साथ नसणं ही गोष्ट नळासारखी तोडता येत नाही, पैसे न देणाऱ्यालाही मिळते.

रेखा_म
तेच तर म्हणत होते मी 😀

खडूस_काका
छान सांगितलंत, पण अर्धंच. तो मैला नदीत आणला कुणी? सरकारनेच. 1848 नंतर गटार आयोगाने घरांखालचे मैल्याचे खड्डे बंद करून सगळं थेम्समध्ये फ्लश करायचा सपाटा लावला, कारण त्यांना वाटायचं रोग दुर्गंधीने होतो. म्हणजे हा बाह्यपरिणाम, दुसऱ्यांच्या माथी पडलेला खर्च, शासनाच्याच हातचा. आणि लॅम्बेथ ही खाजगीच ना, तिने हलायची परवानगी 1848 लाच मिळवली होती, सगळ्यांना सक्ती करणारा कायदा 1852 चा, त्यातही 1855 पर्यंत मुदत. शहाणपण खाजगीकडून आलं, घाण सरकारकडून. कुठल्या तोंडाने म्हणायचं की सगळं सरकारकडे द्या?

जुनी_वही
काका, गटार आयोगाचं बरोबर आहे, मी लिहायला हवं होतं. पण एक कंपनी शहाणी निघाली म्हणून दुसरीची गिऱ्हाइकं वाचली नाहीत. आणि नुसत्या कायद्यानेही भागलं नाही. 1866 मध्ये पूर्व लंडनमध्ये परत कॉलरा, तोही गाळण सक्तीची झाल्यावर. ईस्ट लंडन कंपनीच्या इंजिनिअरने पेपरात ठणकावून सांगितलं की न गाळलेला एक थेंब आम्ही दिला नाही. मग दोन घरांच्या पाइपांतून ईल मासे निघाले, ते सापासारखे लांबडे. गाळलेल्या पाण्यातून ईल येतो कसा? चौकशीत निघालंच की उघड्या तळ्यातलं पाणी सोडलं होतं.

खडूस_काका
म्हणजे इन्स्पेक्टर कमी पडला, मालकी नव्हे. तपासणी कडक करा, दंड करा, भरपाई लावा. त्यासाठी कंपनी ताब्यात का घ्यायची?

स्वच्छंद
किंवा लिलाव करा. पाइप एकच, पण ठरावीक वर्षांसाठी चालवायला कोण कमी दरात घेतो ते बघा. रस्त्यात स्पर्धा नको, कंत्राटासाठी स्पर्धा.

चरखोद्या
@स्वच्छंद हे कागदावर मस्त दिसतं. जमिनीखालचा पाइप पन्नास-शंभर वर्षं टिकतो, कंत्राट वीस-पंचवीसचं. शेवटच्या पाच वर्षांत कोण कशाला पाइप बदलेल? त्यात पुढच्या लिलावाला कुठला भाग सडलाय हे फक्त आधीच्या कंत्राटदाराला माहीत. बाहेरचा धोका धरून चढा दर भरतो आणि जुनाच परत जिंकतो. वहीत गळती किती दाखवली ते बघू नका, रात्री दोन-तीनच्या सुमारास झोनच्या मीटरवर किती पाणी वाहतंय ते बघा. त्या वेळी लोक झोपलेले असतात, जे वाहतं ते बहुतेक गळतं.

जुनी_वही
पॅरिसने हेच केलं होतं. 1985 पासून नदीच्या एका काठाला एक कंपनी, दुसऱ्याला दुसरी. कंत्राटं संपली आणि 2010 पासून शहराने स्वतः चालवायला घेतलं, 2011 मध्ये दर 8 टक्के उतरवले. लंडनच्या आठ कंपन्याही 1904 मध्ये एका सार्वजनिक बोर्डाकडे गेल्या होत्याच.

खडूस_काका
आणि 1989 मध्ये परत खाजगी झाल्या, ते का नाही लिहिलंत? सरकारकडे असताना पाइपांवर पैसे घालायची वेळ आली की बजेटमध्ये पहिली कात्री तिथेच लागायची.

जुनी_वही
लिहितो की. खाजगी झाल्यावर पैसा आला आणि कर्जाचे डोंगरही आले, लंडनला पाणी देणाऱ्या थेम्स वॉटर कंपनीचे हाल सगळे वाचतायत. बोर्ड असो की कंपनी, रात्रीचा तो मीटर कोण वाचतं आणि आकडा कुणाला दिसतो, माझा आग्रह तेवढाच.

खडूस_काका
त्या मीटरवर माझी सही आहे. मालकीवर नाही.

तिसरी_घंटा
डक्टचं विचारलं बिल्डिंगवाल्यांना. खरंच एकच आहे राव.