जुन्या लॅपटॉपवर जीटीए ५: आधी रिझोल्यूशन उतरवायचं की इफेक्ट्स?

रात्रपाळी: आय५-८२५०यू, यूएचडी ६२०, ८ जीबी रॅम, १९२०×१०८० स्क्रीन. जीटीए ५ची लेगसी आवृत्ती. पूर्ण रिझोल्यूशनवर सगळं हायवर ठेवून शहराबाहेर जेमतेम २० एफपीएस मिळतात. कुणी म्हणतं ७२०पी कर, कुणी म्हणतं रिझोल्यूशनला हात लावू नको, इफेक्ट्स काढ. तुमचं मत काय? कारणासकट सांगा.

पिक्सेलपाटील: डोळे मिटून ७२०पी. १०८०पीला दर फ्रेमला सुमारे २०.७ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, ७२०पीला ९.२ लाख. निम्म्याहून जास्त काम एका फटक्यात गेलं. यूएचडी ६२०ला स्वतःची मेमरी नाही, प्रत्येक पिक्सेलची ने-आण साध्या रॅममधून होते आणि तीच रॅम प्रोसेसरही वापरतो. इफेक्ट्स एकेक करून काढत बसलात तर दोन-दोन फ्रेम वाढतील. एमएसएए बंद, एफएक्सएए चालू, विषय संपला.

ठळकरेषा: विषय संपत नाही. १०८०पीच्या पॅनेलवर ७२०पी म्हणजे एक पिक्सेल दीड पिक्सेलवर ताणायचा. ते नीट बसत नाही, त्यामुळे कडा पुसट होतात, मिनीमॅप आणि मिशनची अक्षरं चिखल होतात. गेम दिसतच नसेल तर ४० एफपीएस घेऊन काय करायचं? आधी `Reflection MSAA` बंद करा, `Soft Shadows` शार्पवर ठेवा, `Extended Distance Scaling` शून्यावर आणा, टेक्स्चर सगळ्यात खाली. एवढं करून कमी पडलं तरच रिझोल्यूशन.

मोजमाप: ठळकरेषा, पुसट अक्षरांबद्दल तुमचं खरं आहे, पण त्यावर या गेममध्येच उपाय आहे. `Resolution` १९२०×१०८० तसंच राहू द्या आणि Advanced Graphics मध्ये `Frame Scaling Mode` बदला. त्याने फक्त त्रिमितीय दृश्य कमी पिक्सेलांत रंगवलं जातं, नकाशा आणि अक्षरं पूर्ण रिझोल्यूशनवरच राहतात. २/३ म्हणजे बरोबर १२८०×७२०, ३/४ म्हणजे १४४०×८१० आणि ५/६ म्हणजे १६००×९००.

आता पाटलांच्या हिशोबाकडे. पिक्सेल ४४ टक्के उरले म्हणून वेळ ४४ टक्क्यांवर येत नाही. रात्रपाळी, तुमचे २० एफपीएस म्हणजे फ्रेममागे ५० मिलिसेकंद. बाकी काही न बदलता २/३वर तीच जागा मोजा. समजा ३३ एफपीएस, म्हणजे ३० मिलिसेकंद आले. २० मिलिसेकंद वाचले आणि ते ५६ टक्के पिक्सेल काढल्यामुळे वाचले. म्हणजे पिक्सेलांवर अवलंबून असलेला भाग साधारण ३६ मिलिसेकंदांचा आणि उरलेले १४ रिझोल्यूशन कितीही उतरवलं तरी तसेच राहणार. सावल्यांचा नकाशा, दूरच्या वस्तूंची भूमिती, गवताची पाती, हे सगळं त्या १४मध्ये येतं. तिथे इफेक्ट्सच उतरवावे लागतात.

याच आकड्यांवरून बाकीचे पर्यायही काढता येतात. ५/६ला पिक्सेल ६९ टक्के, म्हणजे १४ अधिक २५, एकूण ३९ मिलिसेकंद. ३० एफपीएसची मर्यादा ३३.३ आहे, तेव्हा ते जमत नाही. ३/४ला ५६ टक्के, म्हणजे १४ अधिक २०, एकूण ३४. इथे गवत आणि सावल्यांतून एक-दोन मिलिसेकंद काढले की झालं. म्हणून माझं मत ३/४.

टेक्स्चर मात्र खाली नेऊ नका. ते जागा खातात, वेळ फारसा नाही. रॅम भरून डिस्क घरघरायला लागली तरच कमी करा. उतरवायचं असेल तर `Anisotropic Filtering` उतरवा. वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर ते जवळपास फुकट असतं, इथे मात्र रॅमवरचा भार वाढवतं.

फणसाळकर: माझ्याकडे उलटंच होतं. एमएक्स१५० असलेला लॅपटॉप आहे, दोन कोअरचा प्रोसेसर. शहरात १०८०वरून ७२० केलं तर एका फ्रेमचाही फरक नाही. मग हे रिझोल्यूशनचं गणित कशाला?

मोजमाप: तुमचं कार्ड वेगळं आहे, प्रश्न इंटिग्रेटेडचा आहे. पण तुमचं उदाहरण कामाचं आहे. रिझोल्यूशन उतरवून फ्रेम वाढल्या नाहीत म्हणजे अडलंय ते प्रोसेसरपाशी. तिथे `Population Density` आणि `Distance Scaling` कमी केल्याने फरक पडतो, सावल्या कमी केल्यानेही थोडा. माझी आकडेमोडही दोन्ही वेळा ग्राफिक्सच अडत असेल तरच खरी, प्रोसेसर मध्ये आला की ती कोसळते.

थंडडोकं: कुणी विजेचं बोललंच नाही. या चिपला एकूण १५ वॅट मिळतात आणि त्यात प्रोसेसर व ग्राफिक्स दोघांनी भागवायचं. सुरुवातीला थोडा वेळ जास्त मिळतात, मग मर्यादा लागते. म्हणून पहिल्या मिनिटाला मोजलेले एफपीएस धरू नका, पंधरा मिनिटं खेळून मग मोजा. आणि पॉवर प्लॅनमध्ये `Maximum processor state` ९९ टक्के करा. टर्बो बंद होतो, वाचलेली वीज ग्राफिक्सला जाते. हे सगळ्यांनीच करावं.

मोजमाप: सगळ्यांनी नको. टर्बो बंद केला की ८२५०यू ३.४ गिगाहर्ट्झवरून १.६वर येतो. ओसाड वाळवंटात फायदा होईल, पण शहराच्या गर्दीत प्रोसेसरच अडेल आणि गाडी वेगात असताना रस्ते उशिरा उमटतील. आधी HWiNFO मध्ये ग्राफिक्सचं क्लॉक पाहा. ते १.१ गिगाहर्ट्झवरून खूप खाली घसरत असेल तरच हा उपाय करा. त्यापेक्षा ३० एफपीएसची मर्यादा घाला, म्हणजे प्रोसेसर आपोआप कमी वीज खातो. गेममध्ये `VSync` ला `Half` आहे, ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर बरोबर ३० मिळतात.

पिक्सेलपाटील: ३०ला बांधून ठेवायचं? २/३वर, पाणी-सावल्या किमान ठेवून, मोकळं सोडलं तर ४० मिळतील. नेम धरताना हात किती हलका वाटतो ते बघा.

ठळकरेषा: ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर व्हीसिंक लावून ४० म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद दिसणार आणि पुढची ३३.३. आकडा मोठा असतो, पण चालत्या गाडीतून रस्ता अडखळत सरकतो. मला सलग ३० बरे वाटतात.

पिक्सेलपाटील: मग व्हीसिंक बंद करा. चित्र फाटेल, पण माउसला उशीर होणार नाही.

मोजमाप: इथे दोन्ही बाजू रास्त आहेत. गाड्या पळवणाऱ्याने ३० घ्यावेत, गोळीबार जास्त असेल तर पाटलांचं ऐकावं. एक राहिलं. रात्रपाळी, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली `Slots used` पाहा. `1 of 2` असेल तर एकच चॅनेल चालतो आहे, डीडीआर४-२४००ला सेकंदाला १९.२ जीबी. तशीच दुसरी ८ जीबीची पट्टी लावली की ३८.४. वरच्या ३६ मिलिसेकंदांतला मोठा वाटा तिथेच अडकलेला असतो. मग कदाचित ५/६ही जमेल.

रात्रपाळी: `1 of 2` आहे. सध्या ३/४, गवत आणि सावल्या नॉर्मल, फिल्टरिंग बंद, `VSync` `Half`. वीस मिनिटांनंतर शहरात ३० टिकतात. ग्रेपसीडच्या शेतांत मात्र २६-२७वर येतं.

थंडडोकं: ग्रेपसीडला ग्राफिक्सचं क्लॉक किती दिसतंय? ९०० मेगाहर्ट्झच्या खाली असेल तर टर्बोचं माझं म्हणणं अजून मागे घेतलेलं नाही.

पिक्सेलपाटील: किंवा २/३ करा.