मदत हवी आहे: आधी शून्ये, मग तेवढेच एक – ट्युरिंग मशीन चुकीच्या स्ट्रिंग स्वीकारते

गोदाकाठ: आधी शून्ये आणि त्यांच्यानंतर तेवढेच एक, अशी स्ट्रिंग ठरवणारे एका टेपचे ट्युरिंग मशीन मी तयार केले आहे, परंतु ते नको त्या स्ट्रिंगही स्वीकारते. पद्धत नेहमीचीच आहे. उद्या सकाळी नाशिकमधल्या आमच्या महाविद्यालयात ट्रान्झिशन टेबलसह असाइनमेंट द्यायची आहे, त्यामुळे नेमके काय बदलायचे तेवढेच कृपया लवकर सांगावे.

अंजनेरी: नेहमीची पद्धत प्रत्येकाची वेगळी असते. कोणती स्ट्रिंग चुकीने स्वीकारली जाते, आणि रिकामी स्ट्रिंग तुमच्या भाषेत धरली आहे की नाही?

सिडकोवासी: एवढा खटाटोप कशासाठी? मी कंसांच्या जोड्या तपासणारा प्रोग्राम लिहिला तेव्हा एक काउंटर ठेवला होता. 0 आला की वाढवायचा, 1 आला की कमी करायचा आणि शेवटी तो शून्य आहे का ते पाहायचे.

अंजनेरी: शून्ये कितीही असू शकतात आणि स्टेट मात्र मोजक्याच असतात, त्यामुळे तो काउंटर टेपवरच लिहावा लागेल आणि टेबल कितीतरी मोठे होईल. शिवाय नुसता शेवटचा आकडा पाहिला तर 0101 सुद्धा स्वीकारली जाईल, कारण क्रम तपासलाच जात नाही.

गोदाकाठ: 011 स्वीकारली जाते. q0 मध्ये 0 चा X करून उजवीकडे जातो, q1 मध्ये पहिल्या 1 चा Y करतो, q2 मध्ये डावीकडे X पर्यंत परत येतो. पुन्हा q0 मध्ये Y दिसला तर शून्ये संपली, म्हणून तिथेच स्वीकारतो.

अंजनेरी: दोष त्या शेवटच्या वाक्यात आहे. q0 मध्ये Y दिसला म्हणजे शून्यांना जोडीदार मिळाले एवढेच सिद्ध होते; पुढे एखादा 1 उरला आहे का, हे अजून कोणी पाहिलेलेच नाही. तुमच्या 011 ची टेप पहिल्या फेरीनंतर XY1 होते, हेड Y वर येतो आणि मशीन तो उरलेला 1 न पाहताच होकार देते. म्हणून Y दिसल्यावर q3 मध्ये जा, सगळे Y ओलांडा आणि थेट रिकामा चौकोन आला तरच स्वीकारा. टेबल असे होईल:

```
      0        1        X        Y        B
q0  X,R,q1     -        -      Y,R,q3     -
q1  0,R,q1   Y,L,q2     -      Y,R,q1     -
q2  0,L,q2     -      X,R,q0   Y,L,q2     -
q3    -        -        -      Y,R,q3   B,R,q4
```

B म्हणजे रिकामा चौकोन, q4 ही स्वीकाराची स्टेट, आणि जिथे रेघ आहे तिथे मशीन थांबून नाकारते. 0011 वर टेप क्रमाने X011, X0Y1, XXY1, XXYY अशी बदलते आणि तेराव्या पावलाला मशीन q4 मध्ये पोहोचते. 001 मध्ये दुसऱ्या 0 साठी 1 शोधताना q1 ला B लागतो, म्हणून ती तिथेच नाकारली जाते.

टेपचा_माणूस: हे टेबल मला पटत नाही. q1 मध्ये Y ओलांडल्यानंतर 0 आला तरी तुम्ही पुढे जाऊ देता. 001011 मध्ये तीन शून्ये आणि तीन एक आहेत, पण क्रम बिघडलेला आहे. ती स्वीकारली जाईल. Y नंतरच्या 0 साठी वेगळी स्टेट हवी.

अंजनेरी: मधला 0 ओलांडला जातो, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे, परंतु निष्कर्ष बरोबर नाही. दोन फेऱ्यांनंतर टेप XXY0Y1 होते. आता q0 ला Y दिसतो आणि मशीन q3 मध्ये जाते. तिथे Y नंतर 0 लागतो, त्या जागी रेघ आहे, म्हणून स्ट्रिंग नाकारली जाते. Y च्या पलीकडच्या 0 चा X होण्याची वेळ कधीच येत नाही, कारण q0 पहिल्या Y पलीकडे जातच नाही.

टेपचा_माणूस: नाकारते हे मान्य, पण किती उशिरा! q1 चे दोन भाग केले तर क्रम तिथेच कळेल, आणि वाचणाऱ्याला टेबलही अधिक स्पष्ट वाटेल.

गोदाकाठ: एक स्टेट वाढवण्याची माझी इच्छा नाही. शून्ये किमान किती असावीत, हे प्रश्नात दिलेले नाही. रिकामी स्ट्रिंग स्वीकारायची असेल तर काय करावे?

अंजनेरी: मग q0 च्या ओळीत B खाली B,R,q4 लिहा. याने दुसरे काही बिघडत नाही, कारण एकदा फेरी झाली की q0 च्या हेडखाली 0 किंवा Y असतोच. B फक्त सुरुवातीलाच, टेप रिकामी असताना दिसू शकतो.

पंचवटीकर: प्रश्नात भाषा "ठरवणारे" मशीन मागितले असेल, तर माझ्या मते रेघा चालणार नाहीत; नाकाराची वेगळी स्टेट q5 लिहून प्रत्येक रेघेच्या जागी ती भरावी. आमचे परीक्षक रेघेला गुण देत नसत.

अंजनेरी: हे मशीन प्रत्येक स्ट्रिंगवर थांबते, कारण प्रत्येक फेरीत एक 0 कमी होतो आणि फेरीतील चाल टेपवरच्या मजकुराच्या पलीकडे जात नाही. त्यामुळे रेघ म्हणजे नकार असे टेबलाखाली लिहिले, तर ते पुरेसे आहे असे मी मानतो.

गोदाकाठ: आमच्या सरांना यातले कोणते चालते ते मला ठाऊक नाही, म्हणून q5 भरूनच देतो. q5 मध्ये जाताना हेड उजवीकडे न्यायचा की जागेवरच ठेवायचा?