"दुसरीकडे कुठे इंटरव्ह्यू चालू आहेत का?" यावर खरं बोलायचं की थोडं फेकायचं?

निवांत_नाही: नोकरी चालू असतानाच दुसरी शोधतेय. एका कंपनीत तीनपैकी दोन राऊंड झालेत, ऑफर कुठलीच नाही. आता दुसऱ्या कंपनीच्या एचआरचा फोन येणार आहे आणि ती हे नक्की विचारणार. "नाही" म्हटलं तर भाव पडतो, "हो, ऑफर आहे" म्हटलं तर खोटं. काय बोलावं?

रोखठोक_गडी: सरळ सांग ऑफर आहे म्हणून. कंपन्या तरी कुठे खरं बोलतात, "बजेट एवढंच आहे" हे काय सत्यवचन असतं का? तू एकटीने हरिश्चंद्र होऊन काय मिळवणार. मी दोनदा केलंय, दोन्ही वेळा आकडा वाढला.

खुर्चीपलीकडून: मी बरीच वर्षं भरतीचं काम केलंय, या गड्याचं नशीब चांगलं होतं एवढंच म्हणेन. ऑफर आहे म्हटल्यावर आम्ही गप्प बसत नाही, पुढचे प्रश्न येतात. किती तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय, जॉइनिंग कधीचं मागतायत, फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती. ज्याच्याकडे खरंच लेटर आलंय तो हे विचार न करता सांगतो, कारण त्याने ते दहा वेळा वाचलेलं असतं. फेकणारा गोल आकडा सांगतो आणि तारखेला अडखळतो.

आणि खरा घोळ नंतर होतो. समजा तू म्हणालीस "शुक्रवारपर्यंत कळवायचंय". मी ते तुझ्या नावापुढे लिहून ठेवते, मॅनेजरला सांगते. तो म्हणतो आपला शेवटचा राऊंड बुधवारनंतरच जमेल, मग अप्रूव्हल, शुक्रवारी होणं शक्य नाही, सोडून दे. संपलं, स्वतःच्याच खोट्या तारखेने तू बाहेर. किंवा आम्ही "बघतो" म्हणतो, शुक्रवार जातो, सोमवारी फोन केला तर तू अजून मोकळीच! मग काय समजायचं ते आम्ही समजतो, तोंडावर कोणी बोलत नाही.

रोखठोक_गडी: म्हणून तारीख सांगायचीच नाही ना. मोघम ठेवायचं.

खुर्चीपलीकडून: मोघम ऑफरला मोघमच किंमत मिळते. पगाराच्या ठरलेल्या बँडच्या वर द्यायचं तर मला वरून परवानगी काढावी लागते आणि तिथे बऱ्याचदा पहिला प्रश्न असतो "लेटर बघितलं का?" मग मी तुझ्याकडे लेटर मागणार. तेव्हा काय पाठवशील?

कुंपणावरचा: मला वाटतं हा प्रश्न विचारण्याचा त्यांना हक्कच नाही, ही खासगी बाब आहे. "मी यावर बोलू इच्छित नाही" एवढंच म्हणायचं आणि विषय संपवायचा. माहिती दिली की ती आपल्याविरुद्धच वापरली जाते.

खुर्चीपलीकडून: अर्धं बरोबर आहे तुमचं. कंपनीचं नाव आणि आकडा सांगायची काहीच गरज नाही, मी स्वतः सांगणार नाही. पण पूर्ण तोंड मिटलंत तर समोरचा "काही नाहीये" असंच धरून चालतो आणि तुमची फाईल नेहमीच्या संथ रांगेत जाते. तीनातले दोन राऊंड झालेत ही खरी गोष्ट आहे आणि ती उपयोगाची आहे, ती का लपवायची? कारण हा प्रश्न बऱ्याचदा पैशासाठी नसतोच हो, घाई किती करायची हे ठरवायला असतो. दुसरीकडे शेवटचा राऊंड पुढच्या आठवड्यात आहे असं कळलं की मी दोन राऊंड एकाच दिवशी बसवायचा प्रयत्न करते. नेहमी जमतंच असं नाही.

म्हणून निवांत_नाही, तू असं म्हणून बघ: "एका ठिकाणी दोन राऊंड झालेत, शेवटचा बाकी आहे. ऑफर अजून हातात नाही. तुमच्याकडे साधारण किती दिवसांत निर्णय होतो?" आणि मग गप्प राहायचं. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, आता उत्तर त्यांनी द्यायचंय. माणसं कुठे घसरतात माहितीये, "ऑफर नाही" म्हटल्यावर जी शांतता येते ती त्यांना सोसत नाही, मग आपणहून "पण मी ॲडजस्ट करेन, तुमचं जे काही असेल ते" सुरू होतं. भाव तिथे पडतो, "नाही"मुळे नाही.

आठवीची_वही: माझ्या बाबतीत उलटंच झालं. मी एक ऑफर ॲक्सेप्ट केली होती आणि नोटीस पिरियडमध्ये दुसरीकडे इंटरव्ह्यू दिले, तिथे विचारलं तेव्हा सगळं खरं सांगितलं तर त्यांनी मलाच लेक्चर दिलं की मग आम्हालाही असंच सोडाल. म्हणजे खरं बोलून तोटाच ना?

कुंपणावरचा: अहो तुमचा प्रश्नच वेगळा आहे, तुम्ही हो म्हणून बसला होतात. इथे अजून कोणाला काही शब्द दिलेला नाहीये.

आठवीची_वही: तरी पण तत्त्व तेच की.

निवांत_नाही: समजा ती म्हणाली "कुठली कंपनी?" किंवा "आम्ही तुमचा पहिला चॉईस आहोत का?" तर? आणि ती कंपनीची नसून कन्सल्टंट असली तर?

खुर्चीपलीकडून: नावाला "ते सांगणं बरं दिसणार नाही, पण काम याच प्रकारचं आहे". पहिल्या चॉईसला "हो हो तुम्हीच" म्हणू नकोस, मग आकड्याच्या वेळी तुझ्याकडे काय उरलं? त्यांच्या कामातलं जे खरंच आवडलंय ते एक सांग, आणि "कामाचं स्वरूप आणि पूर्ण ऑफर बघून ठरवीन" असं म्हण. पगाराची गोष्ट निघाली तर अपेक्षा कामाच्या बाजारभावावरून आणि तुझ्या अनुभवावरून सांगायची, दुसऱ्या ऑफरवरून नाही. म्हणजे उद्या ती दुसरी कंपनी नाही म्हणाली तरी तुझा आकडा हलत नाही. आणि तुझी नोकरी चालू आहे, हाच तुझा खरा आधार आहे. "मला निघायची घाई नाही" हे तुला खोटं न बोलता म्हणता येतं.

कन्सल्टंटच्या बाबतीत मात्र जास्त जपून. त्यातले काही जण "अजून कुठे देताय" हे अशासाठी विचारतात की कुठे जागा निघाल्यात ते कळावं, मग तिथे ते दुसरे उमेदवार पाठवतात. तुझ्याच डोक्यावर स्पर्धा. पण "याच कंपनीत तुमचा सीव्ही आधी कोणी पाठवलाय का" असं विचारलं तर खरं सांग, कारण दोघांनी पाठवला तर फीवरून भांडण होतं आणि त्यात उमेदवारच गळतो.

रोखठोक_गडी: हे सगळं ठीक, पण हिची नोकरी आहे म्हणून. ज्याची नोकरी गेलीये, सहा महिने घरी आहे, कुठेच राऊंड चालू नाही, त्याने काय म्हणायचं? "ऑफर नाही, राऊंड नाही, निर्णय कधी?" हे ऐकून कोण घाई करणार आहे? तिथे तरी फेकण्याशिवाय पर्याय सांगा.

खुर्चीपलीकडून: घाई नाही करणार, कबूल. "सध्या ऑफर नाही, जॉइन लगेच होऊ शकतो" इतकंच म्हणायचं. ज्या टीमला माणूस कालच हवा होता तिथे नोटीस पिरियड नसणं हाच त्याचा मुद्दा. बाकी ठिकाणी अवघड आहे, ते गोड करून सांगत नाही.

रोखठोक_गडी: म्हणजे लगेच जॉइन होतो म्हटलं की समोरच्याला कळलंच, गरजू आहे. मला नाही पटलं.

निवांत_नाही: फोनच्या आधी एक फॉर्म आलाय, त्यात "इतर ऑफर: आहे/नाही" असे दोनच पर्याय आहेत. राऊंड चालू आहेत हे लिहायला जागाच नाही.

खुर्चीपलीकडून: "नाही" टाक. लेखी खोटं नंतर कागदपत्रं तपासताना निघालं तर ऑफर मागेही घेतात. राऊंडचं फोनवर सांग, पहिल्या दोन मिनिटांत, तिने विचारायच्या आधीच.

कुंपणावरचा: मी तर रकाना रिकामा सोडला असता.

निवांत_नाही: रिकामा ठेवला तर सबमिटच होत नाहीये 😅