सोलापूर : वडिलांचं मूळव्याधीचं ऑपरेशन, दोन डॉक्टर दोन मतं. मदत हवी आहे

जुळे_सोलापूरकर
वडील 58 वर्षांचे. दोन महिने शौचाला रक्त पडतंय, कोंब बाहेर येतात ते बोटाने आत ढकलावे लागतात. हिमोग्लोबिन 9.2. सात रस्त्याकडचे सर्जन म्हणाले लेझर करू, सकाळी या, संध्याकाळी घरी, 65 हजार. दुसरे म्हणाले कापूनच काढावं लागेल, एक रात्र राहा, 38 हजार. कोणाचं ऐकू?

कडक_भाकरी
लेझरच करा, दुखत नाही. पण रात्रभर राहाच. 24 तास भरले नाहीत तर मेडिक्लेम मिळत नाही.

माजी_ओटी_सिस्टर
भाकरीराव, पॉलिसीच्या डे-केअर यादीत ऑपरेशन असेल तर 24 तासांची अट नसते. मूळव्याधीला बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांचा वेटिंग पीरियड असतो, आधी तो बघा.

जुळेकर, तुम्ही दोन वेगळ्या ऑपरेशनांचे भाव शेजारी ठेवताय. हाताने ढकलावे लागणारे कोंब म्हणजे तिसरी ग्रेड. लेझरला दुखणं कमी, पण कोंब मोठे असतील तर त्रास परत येण्याची शक्यता जास्त. कापून काढलं तर पहिले दहा-बारा दिवस शौचाला जाताना रडू येतं, पण पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण कमी. दोघांनाही विचारा : ग्रेड कोणती, दुर्बिणीने पाहिली का, माझ्या वडिलांना हीच पद्धत का, आणि परत आलं तर पुढे काय?

त्याआधी एक महत्त्वाचं. या वयात हिमोग्लोबिन 9.2 असताना सगळं रक्त मूळव्याधीचंच असं धरू नका. मोठं आतडं दुर्बिणीने आतून बघायची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, कोणी सुचवली का?

अक्कलकोट_रोड
मी क्षारसूत्र केलं, दर आठवड्याला दोरा बदलायचे. छान बरा झालो.

माजी_ओटी_सिस्टर
दादा, तुमचा भगंदर असणार. यांचा आजार वेगळा.

जुळे_सोलापूरकर
कोलोनोस्कोपीचं पहिल्यांनी काहीच म्हटलं नाही, दुसऱ्यांनी 'करून घ्या' एवढं लिहिलंय. शिवाय वडील हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी इकोस्प्रिन गोळी घेतात, ते सांगायचंच राहिलं.

माजी_ओटी_सिस्टर
ते दोघांनाही आजच सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवू द्या.

एस्टिमेट लेखी घ्या. भूलतज्ज्ञ, औषधं, तपासण्या, काढलेल्या तुकड्याची पॅथॉलॉजी धरली आहे का? रात्र राहावं लागलं तर किती वाढेल? पाठीत भूल दिली की पुरुषांची लघवी अडू शकते, आमच्याकडे लघवी झाल्याशिवाय घरी सोडत नसत. आठवडा-दहा दिवसांनी अचानक रक्त येऊ शकतं, तेव्हा रात्री फोन कोण उचलेल तेही विचारा. हे उत्तर नीट मिळालं नाही तर तिथे डे-केअर नको.

कडक_भाकरी
24 तासांचं मला एजंटनेच सांगितलं होतं. आणि शेंगाचटणी किती दिवस बंद?

जुळे_सोलापूरकर
आधी कोलोनोस्कोपी करतो, मग ऑपरेशनचं बघू. बाबांना लेझरच हवंय, 'संध्याकाळी घरी' हे त्यांच्या डोक्यात बसलंय. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.